कर्ण मोजल्याशिवाय कपाट कापू नका

दहा बाय बारा फुटांच्या बेडरूमची मापं टेपने घ्यायची तर दोन माणसं लागतात. एकाने टेपचं टोक भिंतीला धरायचं, दुसऱ्याने वाचून वहीत लिहायचं. या लिहिण्यातच 2431 चं 2413 होतं आणि ते कळतं प्लायवूड कापून झाल्यावर. ब्लूटूथ असलेलं लेझर मीटर ही लिहिण्याची पायरीच काढून टाकतं. मीटरचं बटण दाबलं की आकडा थेट फोनमधल्या आराखड्यावर जाऊन बसतो. चांगल्या मीटरमध्ये चूक दीड-दोन मिलिमीटरच्या आत राहते, म्हणजे सुताराच्या हिशेबात जेमतेम अर्धं सूत.

जोडणीत बरेच जण एकाच जागी अडतात. हेडफोन जोडावा तसं ते फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये मीटर शोधत बसतात. ही मीटरं बहुधा त्या त्या कंपनीच्या ॲपमधूनच जोडायची असतात: बॉशसाठी MeasureOn, लायकासाठी DISTO Plan. फोनचं ब्लूटूथ चालू ठेवून मीटरचं ब्लूटूथ सुरू केलं, की ॲपच्या यादीत मीटरचं नाव येतं. नाव आलंच नाही, तर ॲपला दिलेल्या परवानग्या पाहाव्यात. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी लागते, 12 आणि पुढच्या आवृत्त्यांत जवळपासच्या डिव्हाइसची. तीही दिलेली असेल, तर मीटर आधीच सहकाऱ्याच्या फोनला जोडलेलं नाही ना, ते बघा. ते सहसा एका वेळी एकाच फोनला जोडलं जातं.

जोडणी झाली तरी लगेच खोली मोजायला घेऊ नये. टेपने टेबलावर एक मीटर आखून तेवढंच अंतर लेझरने मोजावं. मीटर आपलं माप मागच्या कडेपासून धरतो की पुढच्या, हे बटणाने बदलता येतं. चुकून पुढची कड निवडली गेली, तर प्रत्येक आकडा मीटरच्या लांबीइतका, म्हणजे दहा-बारा सेंटिमीटरने कमी येतो. फोनला हे कळायला मार्ग नाही, तो चुकीचे आकडे नीट जपून ठेवतो.

ॲपमध्ये भिंतीचा फोटो किंवा साधी आकृती घेऊन आधी रेघेवर बोट ठेवायचं, मग मीटरचं बटण दाबायचं. घाईत भलतीच रेघ निवडलेली राहते, म्हणून भिंतीचे तुकडे आणि अखंड भिंत ही दोन्ही मापं घ्यावीत. खिडकीच्या अलीकडे 610, खिडकी 1520, पलीकडे 1530, बेरीज 3660. अखंड भिंतही तेवढीच भरली, तर आकडे आपापल्या जागी आहेत.

आता याच खोलीतलं भिंत-ते-भिंत कपाट घेऊ. कपाटामागची भिंत 3050 मिलिमीटर, बाजूच्या भिंती 3660. रुंदी खाली, मध्ये आणि वर मोजली. तिन्ही वेळा 3050. मागे मोजली, सहाशे मिलिमीटर पुढे येऊन मोजली, तरी 3050. कुणीही म्हणेल, 3050 चं कपाट बसणार. पण दोन कर्ण मोजले तर एक 4748 भरला, दुसरा 4780. खोली काटकोनात असती तर दोन्ही 4764 आले असते. या 32 मिलिमीटरच्या फरकाचा अर्थ असा, की बाजूच्या भिंती एकमेकींना समांतर असूनही मागच्या भिंतीशी गुण्यात नाहीत. सहाशे खोलीच्या कपाटापुरता हा तिरकेपणा चार मिलिमीटर होतो, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त. 3050 चा काटकोनी खोका तिथे शिरणारच नाही. कपाट 3046 पेक्षाही थोडं कमी करून उरलेली फट पट्टीने झाकावी लागेल. माझ्या मते ॲपमधली सर्वांत मोलाची नोंद हीच, आणि तीच बहुतेक वेळा घेतलेली नसते.

कर्ण मोजताना मीटरची सपाट पाठ कोपऱ्यात पूर्ण टेकत नाही. पाच सेंटिमीटर रुंद मीटर अडीचेक सेंटिमीटर अलीकडेच थांबतो. काही मीटरना यासाठी उघडणारी पिन असते. ती नसेल तर दोन्ही कर्ण सारख्याच पद्धतीने मोजावेत. आकडे कमी येतील, पण त्यांच्यातला फरक जवळपास खरा राहील. स्कर्टिंगच्या वर मोजावं. समोर काच किंवा आरसा असेल तर किरण आरपार जातो किंवा परततो, तिथे पांढरा कागद चिकटवावा.

फोनमध्ये साठवलेलं माप जुनं झालं तरी नव्यासारखंच दिसतं. म्हणून प्लास्टर आणि पुट्टी होण्याआधी घेतलेली मापं अंदाजपत्रकासाठीच वापरा. कटिंगला देण्यासाठी भिंती पूर्ण झाल्यावर नव्याने मोजा आणि प्रत्येक नोंदीला तारीख घाला.