म्हाळसेतला ‘म्ह’

स्फोटक: हवा अडवून सोडलेले प, त, क यांसारखे ध्वनी. ज्ञात अशा प्रत्येक बोलीभाषेत काही स्फोटक असतातच.

क्लिक: हळहळताना आपण करतो तो ‘च्च च्च’. मराठीत त्यापासून शब्द बनत नाहीत. झुलू, खोसा अशा आफ्रिकेतल्या थोड्याच भाषांत बनतात.

चिन्हित ध्वनी: साध्या जोडीदारावर काहीतरी जादा चढवलेला, म्हणून विरळ. नेवाशाची लोककथेतली लेक म्हाळसा. तिचे नाव सावकाश उच्चारा: मिटल्या ओठांआड ‘म’ घुमतो, ओठ उघडताना त्यातच श्वास मिसळतो. तो जादा श्वास म्हणजे चिन्ह.

सशर्त नियम: ‘म्ह’ असलेल्या भाषेत ‘म’ असतोच. उलट खरे नाही. तमिळमध्ये ‘म’ आहे, ‘म्ह’ नाही.

याकोबसन: भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी 1941 मध्ये मांडले, की मूलही आधी साधा ध्वनी शिकते.