चेहरा एक, मान दुसरी, हात तिसरे

फोटोत चेहऱ्याचा रंग बदलला की मान आणि हात मागे राहतात. चेहरा दोन छटांनी उजळला जातो, हनुवटीच्या खाली मात्र वेगळीच त्वचा सुरू होते आणि पदराबाहेर आलेले हात तिसऱ्याच माणसाचे वाटतात. लग्नाच्या अल्बममध्ये हा दोष सर्वांत जास्त दिसतो. तिथे नवरीचा चेहरा घाईघाईत उजळला जातो आणि पाहणाऱ्याला फोटो खोटा वाटतो. कारण नेमकं कुठे आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

मुळात माणसाची त्वचा सगळीकडे एका रंगाची नसते. चेहऱ्याच्या त्वचेत रक्तवाहिन्या वरवर असल्यामुळे तिथे लालसर झाक असते. ब्लाऊजच्या बाहीखालचा हात उन्हाने रापलेला असतो. मान हनुवटीच्या सावलीत राहते आणि पदराचा रंग तिच्यावर परावर्तित होतो. हिरवा शालू असेल तर मानेवर हिरवट झाक येते. मराठी लग्नात याशिवाय हळद असते. मेकअप चेहऱ्यावरची हळद झाकून टाकतो, पण दंडावर तिचा पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. म्हणजे फोटोला हात लावण्याआधीच तीन भागांत फरक असतो. संपादनाने तो वाढवला की डोळ्यांना खटकतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात: रंगछटा आणि उजळपणा. हात चेहऱ्यापेक्षा काळवंडलेला असेल, तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. तसे हात रोज दिसतात. पण चेहरा गुलाबी आणि हात हळदीसारखा पिवळा असेल, तर ते एका शरीराचे वाटत नाहीत. म्हणून छटा जवळ आणायची आणि उजळपणातला नैसर्गिक फरक बऱ्याच अंशी तसाच ठेवायचा. बहुतेक संपादक नेमकं उलटं करतात. ते हातही चेहऱ्याइतके गोरे करत सुटतात आणि शेवटी सगळी आकृती मेणाची दिसू लागते.

छटा मोजायला फोटोशॉपमधल्या Info पॅनेलवरचे Lab आकडे सोयीचे. L म्हणजे उजळपणा, शून्यापासून शंभरपर्यंत. a वाढला की लाली वाढते, b वाढला की पिवळेपणा. b ला a ने भागलं की छटेचा एकच आकडा हाती येतो. रंग गडद असो वा फिका, त्या आकड्यावर छटा ताडता येते. आयड्रॉपरचा नमुना एका पिक्सेलचा न घेता 5 by 5 Average ठेवावा, नाहीतर एखादा तीळ किंवा चकाकी आकडा बिघडवते. नमुन्याची जागा ना चमकणारी, ना सावलीतली, अशी मधल्या उजेडाची असावी.

सकाळच्या मुहूर्ताचा एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. मूळ फोटोत नवरीच्या गालावर L 62, a 15, b 19 होते. मानेवर L 54, a 12, b 20, तर दंडावर L 53, a 13, b 25. छटेचा आकडा गालावर 1.3, मानेवर 1.7 आणि दंडावर 1.9. मान पदरामुळे हिरवट, दंड हळदीमुळे पिवळा, हे आकड्यांतच दिसतं. संपादकाने फक्त चेहऱ्यावर मास्क टाकून तो उजळला आणि फिका केला: L 72, a 11, b 13. चेहरा आणि मान यांच्यातला उजळपणाचा फरक 8 होता, तो 18 झाला. जबड्याच्या रेषेवर पट्टी दिसते ती याच 18 मुळे.

पहिलं पाऊल चेहरा मागे आणण्याचं. उजळणाऱ्या लेयरची Opacity 40 टक्क्यांवर आणली की गालाचे आकडे साधारण L 66, a 13.4, b 16.6 होतात आणि छटेचा आकडा 1.2 च्या वर येतो. त्यानंतर मानेवर वेगळा मास्क करून फक्त रंग हलवायचा. a दोनने वाढवायचा, b दोनने कमी करायचा, आकडा 1.3 होतो. हे करणाऱ्या लेयरचा ब्लेंड मोड Color ठेवला तर उजळपणा हलत नाही आणि हनुवटीची सावली शाबूत राहते. उजळपणासाठी Curves चा वेगळा लेयर घ्यायचा, त्याचा मोड Luminosity, आणि मान तीनच अंकांनी वर न्यायची. आता फरक 9, म्हणजे जवळपास मूळचाच. दंडावर b 25 वरून 18 आणि L 53 वरून 57. छटा 1.4 वर थांबते, चेहऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. ते ठीकच आहे. रापलेला हात थोडा पिवळसर राहायलाच हवा.

आता मास्क. लाइटरूममधल्या Select People मध्ये Face Skin आणि Body Skin वेगळे निवडता येतात. फक्त पहिला घेतल्यामुळेच बऱ्याचदा हा घोळ होतो. दोन्ही घेतले तरी जबड्याच्या कडेला, कानाच्या पाळीवर आणि केसांच्या रेषेजवळ पट्टे सुटतात. तिथे मऊ ब्रशने हाताने भरावं लागतं. मान आणि चेहरा यांची सीमा जबड्याच्या सावलीत विरघळायला हवी, म्हणून तिथला फेदर रुंद ठेवायचा. ब्लाऊजच्या काठापाशी मात्र अरुंद, नाहीतर रंग कापडावर उतरतो.

रंग पाहून निवड करणारी साधनं मराठी नवरीच्या फोटोत हमखास चुकतात. सोन्याचे दागिने, मंगळसूत्र आणि पिवळी नऊवारी यांचा रंग त्वचेच्याच नारिंगी-पिवळ्या पट्ट्यात येतो. दंडाचा पिवळेपणा काढायला गेलं की बाजूबंद राखाडी पडतो. म्हणून आधी रंगाने निवडायचं आणि मग दागिने ब्रशने मास्कमधून वगळायचे. मेंदीचे तळहात तर पूर्ण वगळावेत. मेंदीची लाली कमी झाली तर तिचा रंगच उतरल्यासारखा दिसतो.

तपासणीसाठी सर्वांत वर Hue/Saturation चा तात्पुरता लेयर टाकून Saturation 70 पर्यंत वाढवायचं. साध्या नजरेला न दिसणारे डाग आणि मास्कच्या कडा लगेच उठून दिसतात. मग तेच उणे 100 करायचं. रंग गेल्यावर फक्त उजळपणा उरतो आणि जबड्यावर पायरी शिल्लक असेल तर कळते. दोन्ही कसोट्या झाल्या की लेयर काढून टाकायचा आणि फोटो लहान करून पाहायचा. मोठ्या झूमवर सगळं जुळलेलं वाटतं, पण पट्टी दिसते ती अल्बमच्या आकारातच.

या उपायांना मर्यादा आहे. आधीच पांढराफटक झालेला आणि जेपीईजीमध्ये जतन झालेला चेहरा मागे आणता येत नाही, कारण त्यातला त्वचेचा पोत आणि रंगच पुसला गेलेला असतो. वर थर चढवला की पट्ट्या आणि चट्टे उमटतात. रॉ फाइल असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात करावी; नसेल तर चेहऱ्याशी जुळवण्यासाठी हात गोरे करण्याऐवजी तो फोटो अल्बममधून वगळावा.