डब्यातला एक लाडू

प्रामाणिकपणाची गोष्ट म्हटली की आपण मुलांना ‘लांडगा आला रे आला’ सांगतो. खोटं बोललास तर असं होईल, ही तिची शिकवण. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिचा परिणाम तपासला. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना ‘मागचं खेळणं बघू नकोस’ असं बजावून खोलीत काही क्षण एकटं ठेवलं, मग एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, ‘बघितलंस का?’ लांडग्याच्या किंवा पिनोकिओच्या गोष्टीने फरक पडला नाही. वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्या गोष्टीत कबुली दिल्यावर वडील मुलाचं कौतुक करतात. तीच गोष्ट खोटेपणाचे वाईट परिणाम दाखवून सांगितली, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

दुसरीतलं मूल सातेक वर्षांचं असतं. त्याच्यासाठी याच धाग्यावर रचलेली ही गोष्ट:

मधली सुट्टी संपली. समीरला चिंचेखाली निळा डबा दिसला. आत बेसनाचे दोन लाडू होते. समीरला भूक लागली होती. त्याने एक खाऊन टाकला.

वर्गात मीरा रडत होती. ‘माझा डबा हरवला!’

समीरने डबा पाठीमागे लपवला. त्याच्या पोटात कसंतरी झालं. मग तो पुढे आला. ‘हा घे तुझा डबा. एक लाडू मी खाल्ला.’

बाई म्हणाल्या, ‘समीर, तू खरं सांगितलंस. मला आवडलं.’

मीराने डोळे पुसले. ‘उद्या मला तुझ्या डब्यातलं दे हं!’

दुसऱ्या दिवशी समीरने थालीपीठ आणलं. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

लाडू खाल्लेला मुद्दाम ठेवला आहे. नुसता डबा परत करायला काही लागत नाही; कठीण आहे ते पुढचं वाक्य. आणि कौतुकाने लाडू भरून निघत नाही, म्हणून थालीपीठ हवं.

गोष्टीनंतर ‘समीरने बरोबर केलं ना?’ असं विचारलं की सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी विचारावं: डबा लपवताना समीरच्या मनात काय आलं असेल? डबा गुपचूप मीराच्या बाकावर ठेवला असता तर? बाई ओरडल्या असत्या, तर पुढच्या वेळी त्याने काय केलं असतं? एकेक प्रश्न विचारून थोडं थांबावं, कारण पहिला हात बहुधा नेहमीच्याच मुलाचा वर होतो.

दुसऱ्या प्रश्नावर एखादं मूल म्हणेल, ‘मी गुपचूपच ठेवला असता.’ त्याला रागावू नये. ते खरं बोललं आहे. ‘का रे?’ एवढंच विचारावं आणि ऐकावं.