छोट्या बाथरूमला कोणता रंग?

चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये भिंतींना फिकट टाइल्स लावा. त्या प्रकाश परतवतात, म्हणून जागा मोकळी वाटते. गडद टाइल्सवर मळ दिसत नाही, हा समज मात्र अर्धाच खरा. बोअरचं जड पाणी सुकलं की क्षारांचे पांढरे डाग उरतात आणि काळ्या चकचकीत टाइलवर ते लगेच उठून दिसतात. पांढऱ्याशुभ्र फरशीवर केस आणि माती दिसते. म्हणून जमिनीला मध्यम राखाडी, न घसरणारी मॅट टाइल बरी. खरा मळ सांध्यांत साचतो. त्यामुळे टाइल्स मोठ्या घ्या, म्हणजे सांधे कमी होतील, आणि ग्राउट पांढरं न घेता टाइलच्याच रंगाचं, शक्यतो इपॉक्सी भरून घ्या. खरेदीपूर्वी नमुन्याच्या टाइलवर घरचं पाणी सुकवून पाहा.