बटण दाबलं, पण अर्ज गेला कुठे?

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ आमचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून उजाडला की दाखल्यांची रांग लागते, बाहेर पाऊस आणि आत ओल्या छत्र्या. काउंटरपलीकडच्यांना वाटतं, आम्ही दिवसभर नुसतं टायपिंग करतो. खरं तर निम्मा दिवस स्क्रीन खोटं कुठे बोलतेय, हे शोधण्यात जातो.

पहिला किस्सा कॅप्चाचा. नव्यानेच कामाला आलेला पोरगा रडकुंडीला आला होता. "दादा, सहा वेळा बरोबर टाकला, तरी `Invalid Captcha` म्हणतंय." मी मागे उभा राहून बघितलं, अक्षरं खरंच बरोबर होती. पण त्याने वेळ वाचवायला दोन टॅबमध्ये दोन माणसांचे फॉर्म उघडले होते. एकाच ब्राउझरचे दोन टॅब सर्व्हरला एकच गिऱ्हाईक वाटतात, आणि त्या साइटचा सर्व्हर एका गिऱ्हाइकाचं एकच उत्तर लक्षात ठेवत होता. दुसऱ्या टॅबचा कॅप्चा आला की पहिल्याचं उत्तर पुसलं जायचं, चित्र मात्र समोर तसंच. तेव्हापासून नियम केला: दुसरा फॉर्म दुसऱ्या ब्राउझरमध्ये. आणि कॅप्चापूर्वी कीबोर्ड मराठीवरून इंग्रजीवर आणायचा. नाव मराठीत भरल्यावर नेमकं हेच राहून जातं.

दुसऱ्या किश्शाने मला आठवडाभर छळलं. पावसकडचे एक काका मुलाच्या अर्जाची फी भरायला आले. 'पेमेंट' दाबलं, गोल चक्र फिरलं, थांबलं. पुढे काहीच नाही, चूक दाखवणारी ओळसुद्धा नाही. काका म्हणाले, "पैसे गेले की काय रे?" बँकेचा मेसेज नव्हता, म्हणजे गेले नव्हते. गंमत अशी, की तीच साइट सकाळी सातला सुरळीत चालायची आणि अकरानंतर अडायची.

एकदा घड्याळ लावून बसलो तेव्हा कोडं सुटलं. बँकेचं पान तिथे नव्या खिडकीत, म्हणजे पॉप-अपमध्ये उघडतं. जाहिरातींचा त्रास नको म्हणून ब्राउझर माणसाने क्लिक केल्यावरच अशी खिडकी उघडू देतो, आणि क्रोममध्ये त्या क्लिकची मुदत साधारण पाच सेकंदांची असते. ही साइट क्लिक झाल्यावर आधी सर्व्हरला विचारायची आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडायची. सकाळी उत्तर दोन सेकंदांत यायचं. अकराला गर्दी, त्यात पावसाने रखडलेलं नेट, उत्तराला आठ-नऊ सेकंद लागायचे. तोवर मुदत संपलेली, मग क्रोम खिडकी गुपचूप अडवायचा. पुरावा होता, पण ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला, लाल फुलीच्या बारीक चिन्हात. फॉर्मकडे बघणाऱ्याची नजर तिथे जाते कशाला?

त्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटला पॉप-अपची कायमची परवानगी दिली, की काम होतं. सगळ्याच साइट्सना मोकळीक देऊ नये, नाहीतर जाहिराती घरात शिरतात. आणि परवानगी दिल्यावर लगेच पुन्हा 'पेमेंट' दाबायचं नाही. आधी व्यवहारांच्या यादीत आधीचा प्रयत्न कुठे अडकलाय ते बघायचं, नाहीतर फी दोनदा कापली जाते. खरा उपाय साइट बनवणाऱ्याकडेच: क्लिक होताच रिकामी खिडकी उघडून ठेवायची आणि उत्तर आलं की बँकेचं पान त्यात आणायचं. दोन-तीन ओळींचं काम. पण चाचणी वेगवान नेटवर झाली, तर हा दोष दिसणारच नाही.

तिसरा किस्सा एका जुन्या फॉर्मचा. त्यात 'गाव निवडा'चं बटण क्रोममध्ये मेलेलं. `F12` दाबून Console उघडला, तर लाल अक्षरांत ओळ:

```
Uncaught TypeError: window.showModalDialog is not a function
```

गावांची यादी दाखवणारी ही जुन्या पद्धतीची खिडकी. क्रोमने २०१५ पर्यंत ती पूर्ण काढून टाकली. फॉर्म मात्र इंटरनेट एक्सप्लोररच्या भरवशावर राहिला, आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्यालाही निरोप दिला. वाट एकच उरली: एज ब्राउझरमधला IE मोड. सेटिंगमध्ये त्या पानाचा पत्ता नोंदवला, आणि रत्नागिरी तालुक्यातली गावं एकदाची दिसली.

महिन्याभराने बटण पुन्हा मेलं. कोणी काही बदललं नव्हतं. मग कळलं, अशी नोंद तीस दिवसच टिकते, नंतर परत करावी लागते. आता आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी आणि संकष्टीच्या जोडीला दर तीस दिवसांनी लाल पेनाने एक खूण असते. गिऱ्हाईक विचारतात, "हा कुठला सण?"