जाडी नेमकी कुठून कुठपर्यंत?

दोन पाइप एकमेकांना जोडायचे असतील, आणि उद्या गरज पडल्यावर ते पुन्हा सोडवताही यायला हवे असतील, तर दोन्हींच्या टोकाला फ्लँज बसवतात. फ्लँज म्हणजे पोलादाची जाड, गोल चकती. मधोमध पाइपाएवढं भोक आणि कडेने बोल्टची भोकं. दोन चकत्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गॅस्केट ठेवायचं, बोल्ट आवळायचे. दुधाच्या डेअरीपासून तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत हे सांधे हजारोंनी असतात, आणि सहसा कोणाचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. लक्ष जातं ते गळायला लागल्यावर.

समजा, चाकणच्या एका कारखान्याने भोसरीच्या एका छोट्या पुरवठादाराकडून चार इंची, क्लास १५० चे १२० फ्लँज मागवले. माल ३ जूनला आला. चलन आहे, बिल आहे, सोबत मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेटही आहे. मापांचा तपासणी अहवाल मात्र नाही. खरेदी अधिकाऱ्याने आता पुरवठादाराला पत्र लिहायचं आहे. अशी पत्रं रोज शेकड्यांनी जातात आणि बहुतेक एका ओळीची असतात: ‘कृपया डायमेन्शनल रिपोर्ट लवकरात लवकर पाठवावा.’ त्याला उत्तरही तसंच येतं. एक छापील कागद, त्यात मापांचे रकाने आणि प्रत्येक रकान्यात ‘ओके’.

सर्टिफिकेट असताना वेगळा अहवाल कशाला, असं पुरवठादार हमखास विचारतो. पण सर्टिफिकेट बोलतं ते पोलादाविषयी. कार्बन किती, मँगनीज किती, ताण किती सोसला, हे त्यात असतं. ए-१०५ या नेहमीच्या ग्रेडमध्ये कार्बन ०.३५ टक्क्यांच्या वर चालत नाही, तर ताणशक्ती किमान ४८५ मेगापास्कल लागते. हे सगळं बरोबर असूनही फ्लँज निरुपयोगी असू शकतो, कारण पोलाद भट्टीत चांगलं झालं तरी भोकं पाडतो तो ड्रिलवरचा माणूस, आणि त्याचा या कागदाशी काही संबंध नसतो.

भोकांचंच घ्या. अमेरिकी एएसएमई बी१६.५ या मानकाप्रमाणे चार इंची क्लास १५० फ्लँजला आठ भोकं असतात आणि त्यांचे मध्यबिंदू १९०.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसतात. या वर्तुळाला शॉपफ्लोअरवर पीसीडी म्हणतात. युरोपीय मानकातला याच्या जवळपासचा फ्लँज म्हणजे डीएन १००, पीएन १६. त्यालाही आठच भोकं, पण वर्तुळ १८० मिलिमीटरचं. दुरून दोन्ही सारखे दिसतात. पाइपलाइनवर समोरासमोर आणले की प्रत्येक भोक सव्वापाच मिलिमीटरने सरकलेलं असतं आणि बोल्ट आत जात नाही. म्हणून पत्रात नुसतं ‘चार इंची फ्लँज’ लिहून भागत नाही. मानकाचं नाव हवं आणि त्याची कोणती आवृत्ती तेही हवं.

आवृत्तीचा आग्रह कागदी वाटतो खरा. पण याच मानकातली फ्लँजची जाडी पाहिली की तो का धरायचा ते कळतं.

गॅस्केट जिथे बसतं तो फ्लँजचा मधला भाग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवलेला असतो. क्लास १५० मध्ये ही उंची साधारण दोन मिलिमीटर. त्याला रेझ्ड फेस म्हणतात. मग फ्लँजची जाडी मोजायची कुठून? या उंचवट्यासकट, की तो सोडून? जुन्या तक्त्यांमध्ये चार इंची क्लास १५० ची किमान जाडी सुमारे २३.९ मिलिमीटर दिलेली सापडते, आणि त्यात उंचवटा धरलेला आहे. नव्या तक्त्यांमध्ये किमान जाडी २२.३ आहे, उंचवटा वगळून. फ्लँज बदलला नाही, मोजण्याची जागा बदलली. गोंधळ असा की अनेक वर्कशॉपच्या भिंतीवर अजून जुना तक्ता चिकटवलेला असतो, तर खरेदी खात्याच्या संगणकावर नवा.

आता अहवालात एका नगापुढे ‘जाडी २३.१’ लिहून आलं असं धरा. उंचवटा सोडून मोजलं असेल तर नग उत्तम आहे, कारण २२.३ पासून वर तीन मिलिमीटरपर्यंत सूट आहे. उंचवट्यासकट मोजलं असेल, तर दोन वजा केल्यावर उरतात २१.१. म्हणजे नग किमान मापापेक्षा १.२ मिलिमीटरने पातळ, आणि जाडीत खालच्या बाजूला मानक शून्य सूट देतं. आकडा तोच, पण एका अर्थाने नग पास आणि दुसऱ्या अर्थाने नापास. पातळ फ्लँज बोल्ट आवळताना कडेने किंचित वाकतो, गॅस्केटवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि सांधा पाझरू लागतो. शिवाय ही चूक दुरुस्त होत नाही. जास्तीचं लोखंड लेथवर काढता येतं, कमी पडलेलं परत आणता येत नाही.

म्हणून जाणता खरेदी अधिकारी ‘रिपोर्ट पाठवा’ एवढ्यावर थांबत नाही. अशी पत्रं बहुधा इंग्रजीतच जातात, पण आशय मराठीत मांडायचा तर असा:

‘सप्रेम नमस्कार. आपल्याकडून ३ जून रोजी १२० फ्लँज मिळाले. खरेदी आदेशात मापांचा तपासणी अहवाल मालासोबत देण्याची अट आहे, तो मिळालेला नाही. अहवाल येऊन आमच्याकडील पडताळणी पूर्ण होईपर्यंत हा माल स्वीकारलेला नाही, ही आमची लेखी हरकत समजावी. अहवालात प्रत्येक नगाचं प्रत्यक्ष आलेलं माप आकड्यात द्यावं, केवळ “ओके” लिहू नये. जाडी उंचवटा वगळून मोजावी आणि तसं नमूद करावं. नगांवर रंगाने १ ते १२० क्रमांक घालावेत. वापरलेल्या व्हर्निअरचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख द्यावी. क्रमांक घालण्यासाठी व मोजणीसाठी आपला माणूस आमच्या आवारात पाठवावा.’

यातली नगांवर क्रमांक घालण्याची मागणी अनेकांना जाच वाटते. फ्लँजवर आधीच ठसे असतात, बनवणाऱ्याचं नाव, ग्रेड, क्लास, आकार, हीट नंबर. पण हीट नंबर म्हणजे पोलादाच्या एका वितळीचा क्रमांक. तो शेकडो नगांवर एकच असतो. अहवालात ‘नग ७’ असं लिहिलं आणि ढिगाऱ्यातला सातवा कोणता हे कोणालाच सांगता येत नसेल, तर त्या ओळीची पडताळणी होऊच शकत नाही. रंगाच्या डबीचा खर्च तो काय!

सगळे १२० नग मोजायचे का? आपल्याकडे ‘दहा टक्के’ हा लाडका आकडा आहे. १२० तले १२. पण वीस नगांचा लॉट आला तर दहा टक्क्यांचे दोनच नग होतात, आणि दोन नगांवरून वीसचा अंदाज बांधणं धाडसाचं आहे. भारतीय मानक आयएस २५०० च्या पहिल्या भागात यासाठी तक्ते आहेत. नेहमीच्या पातळीवर ९१ ते १५० नगांच्या लॉटमधून २० नग काढायचे. स्वीकाराची मर्यादा २.५ टक्क्यांची ठरवली असेल तर वीसमध्ये एक नग सदोष निघाला तरी लॉट चालतो, दोन निघाले की नाकारायचा. हे वीस नग मात्र खरेदीदाराने वेचावेत. पेटीतला वरचा थर मोजून दिलेला अहवाल खोटा नसला तरी अपुरा असतो.

अहवाल हातात आला की तो वाचायचा कसा? पीसीडीच्या रकान्यात वीसच्या वीस ओळींवर १९०.५ असेल तर शंका घ्यावी. या मापाला दोन्हीकडे दीड मिलिमीटरची सूट आहे, त्यामुळे खऱ्या मोजणीत १९०.२, १९०.९, १९०.६ असं काहीतरी विखुरलेलं येतंच. त्यात पीसीडी हे काल्पनिक वर्तुळ, त्यावर व्हर्निअर लावता येत नाही. समोरासमोरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं, मग आतल्या कडांमधलं, आणि दोन्हींची सरासरी काढायची. बाहेरून २०९.७ आणि आतून १७१.५ आलं तर पीसीडी १९०.६. भोकांची संख्या नेहमी चारच्या पटीत असल्याने समोरासमोरची जोडी मिळतेच.

पण पीसीडी बरोबर असूनही एखादं भोक वर्तुळावरच बाजूला सरकलेलं असू शकतं. त्यासाठी शेजारच्या भोकांमधलं अंतर बघावं लागतं. आठ भोकांसाठी ते ७२.९ मिलिमीटर असायला हवं आणि इथे सूट फक्त ०.८ ची. जिग न लावता हाताने खुणा करून ड्रिल केलेल्या फ्लँजमध्ये चूक बहुतेक इथेच सापडते. एका बाजूचं अंतर ७१.८ आणि त्याच भोकाच्या दुसऱ्या बाजूचं ७४.० आलं, तर सरकलेलं भोक कोणतं हे लगेच कळतं.

काही अधिकारी पत्रात तपासणीचं तापमानही विचारतात. मापांसाठी जगभर २० अंशांचं प्रमाण धरतात हे खरं, पण चाळीस अंशांच्या शेडमध्येही १९०.५ मिलिमीटर पोलाद फुगून फुगून ०.०५ ने फुगणार, आणि पोलादी व्हर्निअरही सोबत फुगणार. बेअरिंगच्या कारखान्यात हा प्रश्न योग्य आहे. फ्लँजसाठी तो विचारला की पुरवठादाराला कळतं, पत्र कुठल्या तरी दुसऱ्या पत्रावरून उतरवलंय.

पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य मापांचं नाही, हरकतीचं आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. स्वीकाराचा दिवस ठरतो तो असा: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. हरकत घेतली, तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस. फोनवर बोललेलं इथे धरलं जात नाही. आणि ‘लवकरात लवकर पाठवावा’ ही विनंती आहे, तिला हरकत म्हणून पुढे करणं अवघड जाईल.

चाकणच्या आपल्या उदाहरणात पत्र ९ जूनला गेलं असं धरू. पुरवठादाराचा माणूस आला, खरेदीदाराने वेचलेले वीस नग मोजले, आणि त्यात तीन उंचवटा वगळून २२.३ च्या खाली निघाले. भिंतीवरचा तक्ता जुना नव्हता. लेथवरच्या माणसाने फेसिंगचा एक जादा कट घेतला होता. लॉट नाकारला गेला, मग सगळे १२० मोजले, पातळ नग वेगळे काढून त्यांवर लाल पट्टा मारला आणि त्यांच्या बदल्यात नवे नग २ जुलैला आले. पैसे द्यायची शेवटची तारीख त्यामुळे १६ ऑगस्ट झाली. ९ जूनचं पत्र गेलं नसतं, तर ती १८ जुलै असती, आणि पातळ फ्लँज तोवर लाइनवर चढलेले असते.