अंगणातले पेव्हर ब्लॉक खचतात कुठे?

एका पावसाळ्यात अंगणातले पेव्हर ब्लॉक खचतात, गाडीच्या चाकांखाली दोन चर उमटतात आणि खापर फुटते ब्लॉकवर. ब्लॉक बहुधा धडधाकट असतो; चूक त्याच्या खालच्या वाळूत असते.

मुरूम आणि खडी दाबून केलेल्या पायावर जाडसर, माती नसलेली वाळू साधारण 40 मिलिमीटर सैल पसरतात. वर ब्लॉक मांडून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला की ती 30 मिलिमीटरच्या आसपास दबते. म्हणून ब्लॉक मांडताना ते ठरलेल्या पातळीपेक्षा सुमारे 10 मिलिमीटर वर ठेवावे लागतात. थर फारच पातळ झाला तर ब्लॉक खडीच्या टोकांवर डुगडुगतो. पण खरी गफलत उलटी होते. पायातला खड्डा मिस्त्री वाळूनेच भरून काढतो. तिथे थर 70-80 मिलिमीटर होतो आणि पुढे नेमका तेवढाच भाग बसतो. पाण्याचा उतार, 10 फुटांना 2 इंच, हाही पायातच काढायला हवा. वाळूचे काम ब्लॉकला बैठक देण्याचे, पाया सपाट करण्याचे नव्हे.

20 फूट बाय 15 फुटांचे अंगण घेऊ. क्षेत्रफळ 300 चौरस फूट, म्हणजे जवळपास 28 चौरस मीटर. 200 बाय 100 मिलिमीटरचे विटेच्या आकाराचे ब्लॉक चौरस मीटरला 50 लागतात, म्हणून 1400. सैल वाळू 40 घनफूट, पाऊण ब्रासही नाही, अर्ध्या ब्रासच्याही आत.

आता काठ. ओळ संपताना 40 मिलिमीटरची फट उरली, तर तेवढी चिपळी कापून कोंबण्याचा मोह होतो. ती पहिल्या वर्षातच उखडते. ब्लॉकच्या एक-तृतीयांशाहून लहान तुकडा काठाला लावू नये. त्याऐवजी शेवटचा अख्खा ब्लॉक काढावा. 240 मिलिमीटरची जागा मिळते, तिथे सांध्याची जागा सोडून जवळजवळ 120 मिलिमीटरचे दोन तुकडे बसतात. कापून उरलेले 80 मिलिमीटरचे तुकडेही फेकायचे नाहीत, दुसऱ्या टोकाला चालतात. काठाला कर्ब स्टोन काँक्रीटमध्ये पक्का हवा, नाहीतर बाहेरची ओळ सरकते आणि सांधे उघडतात.

असे तुकडे वापरले तर सरळ मांडणीत 5 टक्के नासाडी धरणे पुरते: 1400 ऐवजी 1470 ब्लॉक. 45 अंशात तिरपी नक्षी हवी असेल तर प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांना तिरका काप येतो, म्हणून 10 टक्के, म्हणजे 1540. सगळे ब्लॉक एकाच खेपेत मागवावेत. पुढच्या खेपेचा रंग हमखास वेगळा निघतो. दहा-पंधरा शिल्लक ठेवले तर पाइपलाइनसाठी अंगण उकरल्यावर तेच कामी येतात.

कॉम्पॅक्टर फिरल्यावर एखादा ब्लॉक उचलून पाहावा. सांध्यात खालून वाळू वर चढलेली दिसली तर बैठक नीट झाली. मग कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरून कॉम्पॅक्टर पुन्हा फिरवायचा.